क्लिकचा भाव आणि फुकटची जागा

अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅपवर "kokum" असं टाइप करून शोधलं की पाकिटांच्या रांगा उघडतात. त्यातल्या काही पाकिटांवर, बहुधा अगदी वरच्या रांगेत, बारीक करड्या अक्षरांत "Sponsored" असा शब्द असतो. गिऱ्हाइकाची नजर त्यावरून सहज सरकून जाते. ज्या विक्रेत्याचं ते पाकीट असतं, त्याच्या वहीत मात्र त्या शब्दाला मोल असतं. गिऱ्हाइकाने त्या पाकिटावर बोट ठेवलं की विक्रेत्याच्या खात्यातून तीन, पाच, कधी दहा रुपये वजा होतात. मग गिऱ्हाईक माल घेवो की न घेवो.

ही जाहिरात आता बाजारपेठेच्या कडेला उभी राहिलेली नाही. 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनने जगभरात जाहिरातींतून सुमारे 4,690 कोटी डॉलर मिळवले. फ्लिपकार्ट आणि मीशोवरही विक्रेत्यांना अशीच जागा विकली जाते. वरच्या रांगांमधल्या बऱ्याच जागा विकत मिळतात, त्यामुळे नव्या छोट्या विक्रेत्याला जाहिरात करू की नको, एवढ्याच प्रश्नावर थांबता येत नाही. किती पैसे, कोणत्या शब्दावर आणि त्यातून खरोखर काय हाती लागलं, हे त्याला मोजावं लागतं. आणि नेमकं शेवटचं मोजमापच बहुतेकांचं चुकतं.

हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाणं अशा धंद्यात दिसू शकतील अशी आहेत. समजा, कुडाळजवळचा एक घरगुती उद्योग वाळवलेली आमसुलं विकतो. अर्ध्या किलोचं पाकीट 299 रुपयांना. रातांब्यांचा भाव, मजुरी, पाकीट, बाजारपेठेचं कमिशन, पाठवणी, कर आणि परत येणाऱ्या मालाचं नुकसान हे सगळं वजा केलं की एका पाकिटामागे 75 रुपये उरतात. यात जाहिरातीचा खर्च अजून धरलेला नाही.

या 75 रुपयांवरच पुढचं सगळं गणित उभं आहे. एक पाकीट विकण्यासाठी जाहिरातीवर 75 रुपये गेले तर धंदा ना नफा ना तोटा. त्याहून जास्त गेले तर प्रत्येक ऑर्डर खिशाला चाट लावते. बाजारपेठेच्या अहवालात हाच हिशेब ACOS या नावाने टक्क्यांत दिसतो: जाहिरातीचा खर्च भागिले जाहिरातीतून झालेली विक्री. या उद्योगासाठी 299 मध्ये 75 म्हणजे सुमारे 25 टक्के ही तोट्याची वेस. शेजारच्या विक्रेत्याला 40 टक्के परवडत असतील, पण ते त्याच्या नफ्यावर ठरतं. त्याचा आकडा उचलून उपयोग नसतो.

गिऱ्हाईक काय टाइप करतं

कोकमाला नावं अनेक. मराठी घरात आमसूल, गोव्यात सोलां, गुजराती घरात डाळीत पडणारं कोकम, मंगळुरूकडे पुनर्पुळी. इंग्रजी अक्षरांत लिहिताना त्यांची आणखी रूपं होतात: "kokum", "kokam", "amsul", "aamsul". यातलं कोणतं रूप गिऱ्हाईक किती वेळा टाइप करतं, हे घरात बसून कळत नाही. म्हणून सुरुवातीला ऑटोमॅटिक कॅम्पेन लावतात. त्यात विक्रेता शब्द देतच नाही. त्याच्या पाकिटाचं नाव आणि वर्णन वाचून कोणत्या शोधात जाहिरात दाखवायची, ते बाजारपेठ ठरवते. विक्रेता फक्त एका क्लिकची कमाल रक्कम आणि रोजच्या खर्चाची मर्यादा सांगतो.

आपल्या उद्योगाने दोन आठवडे असं कॅम्पेन चालवलं. एका क्लिकला 4 रुपये, दिवसाला 200 रुपये. त्यानंतर सर्च टर्म रिपोर्ट उतरवून घेतला. गिऱ्हाइकाने टाइप केलेले खरे शब्द याच अहवालात मिळतात, म्हणून छोट्या विक्रेत्याच्या दृष्टीने सगळ्या अहवालांत हा सर्वांत मोलाचा. त्यातल्या सहा मोठ्या शब्दांवर मिळून 1,555 रुपये गेले आणि 26 ऑर्डर आल्या. म्हणजे एका ऑर्डरमागे साधारण 60 रुपये, ACOS 20 टक्के. तोट्याची वेस 25 वर असल्याने वरवर पाहता सगळं ठीक आहे.

शब्दागणिक पाहिलं की चित्र बदलतं. "kokum" वर 150 क्लिक, 540 रुपये आणि 12 ऑर्डर. "amsul" वर फक्त 40 क्लिक, 120 रुपये, पण 7 ऑर्डर. "kokum for solkadhi" वर 30 क्लिक, 90 रुपये, 5 ऑर्डर. "kokum syrup" वर 70 क्लिक, 245 रुपये आणि जेमतेम 2 ऑर्डर. "kokum butter" वर 80 क्लिक आणि "garcinia cambogia" वर 60 क्लिक. या दोघांनी मिळून 560 रुपये खाल्ले आणि ऑर्डर एकही आली नाही.

असं का झालं, याचं उत्तर वस्तूतच आहे. "kokum butter" शोधणाऱ्याला कोकमाच्या बियांपासून निघणारं, भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना लावायचं तेल हवं आहे. "syrup" शोधणाऱ्याला उन्हाळ्यात पाण्यात मिसळायची तयार बाटली हवी आहे. "garcinia cambogia" ही तर कोकमाच्या भाईबंदांपैकी वेगळीच वनस्पती. तिच्या अर्काच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी म्हणून विकल्या जातात. आपल्या विक्रेत्याने पाकिटाच्या वर्णनात कोकमाचं शास्त्रीय नाव "Garcinia indica" हौसेने लिहिलं होतं. बाजारपेठेने तोच धागा पकडला आणि गोळ्या शोधणाऱ्यांसमोर आमसुलं मांडली. त्यांनी कुतूहलाने बोट ठेवलं आणि परत फिरले. त्या कुतूहलाचे पैसे विक्रेत्याने भरले.

उलट, "amsul" असं टाइप करणाऱ्याला काय हवंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. असे शोध कमी होतात, पण त्यांतला मोठा वाटा खरेदीपर्यंत पोचतो. घरच्या भाषेतले शब्द छोट्या विक्रेत्याला का फळतात, त्याचं कारण हेच. मोठे ब्रँड सर्वसाधारण इंग्रजी शब्दांवर पैसे ओततात आणि असे शब्द त्यांच्या नजरेतून सुटतात.

आता साफसफाई. "butter" आणि "garcinia cambogia" हे नेगेटिव्ह कीवर्ड म्हणून नोंदवायचे. मग ते ज्या शोधात येतील तिथे जाहिरात दिसणारच नाही. चांगले निघालेले शब्द हाताने चालवायच्या वेगळ्या कॅम्पेनमध्ये एक्झॅक्ट प्रकारात घालायचे. त्यामुळे जाहिरात जवळजवळ त्याच शब्दासाठी दिसते आणि त्या शब्दाचा भाव स्वतंत्रपणे ठरवता येतो. याखेरीज ब्रॉड आणि फ्रेज असे दोन सैल प्रकार आहेत, ते नवे शब्द हुडकायला उपयोगी पडतात. नव्या कॅम्पेनमध्ये नेलेला शब्द जुन्या ऑटोमॅटिक कॅम्पेनमध्ये नेगेटिव्ह म्हणून टाकायला विसरायचं नाही. नाहीतर तोच शोध दोन ठिकाणांहून पैसे खातो आणि हिशेब विस्कटतो. तीन निरुपयोगी शब्द गेले तर उरलेल्या तिघांवर 750 रुपयांत 24 ऑर्डर पडतात. एका ऑर्डरचा खर्च 60 वरून 31 रुपयांवर येतो.

शब्द कापण्याची घाई मात्र नको. समजा, एखाद्या शब्दावर खरोखर शंभरात आठ क्लिक ऑर्डरपर्यंत पोचतात. तरीही पहिल्या 20 क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता शंभरात 19 इतकी असते. 40 क्लिक कोरडे गेले तर ती शक्यता चारच्या आत येते. म्हणून वस्तूशी नातं असलेल्या शब्दाला 40 क्लिकपर्यंत तरी थांबून पाहावं. हाच सावधपणा उलट बाजूनेही लागतो. 40 क्लिकमध्ये 7 ऑर्डर ही सुरुवात चांगली आहे, पण तेवढ्यावर मोठा पैसा लावायचा नसतो.

बोली किती लावायची

शोधाच्या पानावरच्या प्रत्येक जागेसाठी, गिऱ्हाइकाने शोध घेतल्याक्षणी लिलाव होतो. ही पद्धत जुनी आहे. 1998 मध्ये अमेरिकेतल्या गोटू डॉट कॉमने शोधाच्या निकालांतल्या जागा क्लिकच्या भावाने लिलावात विकायला काढल्या. तिथे जो जास्त बोलेल तो वर आणि जेवढं बोलेल तेवढं द्यायचं, असा नियम होता. त्याने मोठी अस्थिरता आली. विक्रेते एकमेकांवर एकेका सेंटने चढत जायचे आणि मग सगळेच खाली उतरायचे. 2002 मध्ये गूगलने दोन सुधारणा केल्या. जिंकणाऱ्याने आपल्या बोलीइतकं न देता त्याच्या खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतंच द्यायचं. आणि जागा ठरवताना बोलीबरोबर त्या जाहिरातीवर लोक बोट ठेवण्याची शक्यताही पाहायची.

आजच्या बाजारपेठांतले लिलाव याच वळणाचे आहेत. बोली ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष भाव बहुधा त्याखाली राहतो. नुसत्या पैशाने जागा मिळत नाही, हेही त्यातून येतं. ज्या पाकिटाचा फोटो अंधुक आहे, वजन नावात लिहिलेलं नाही, अभिप्राय दोनच आहेत, त्याला त्याच जागेसाठी चढी बोली लावावी लागते. आणि माल संपला असेल तर जाहिरात दिसतच नाही.

बोली ठरवायचं सूत्र एका ओळीचं आहे: पाकिटामागचा नफा गुणिले क्लिकचं ऑर्डरमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण. "kokum" वर 150 क्लिकना 12 ऑर्डर, म्हणजे 8 टक्के. 75 रुपयांचे 8 टक्के म्हणजे 6 रुपये. ही तोट्याची वेस. पाकिटामागे 30 रुपये तरी हातात राहावेत असं वाटत असेल तर जाहिरातीला 45 रुपये उरतात आणि बोली 3 रुपये 60 पैशांवर येते. "kokum syrup" चं प्रमाण 3 टक्क्यांहूनही कमी. त्याची वेस दोन रुपयांच्या आसपास आहे आणि विक्रेता साडेतीन मोजत होता. हा शब्द हवाच असेल तर तो वेगळा काढून दोन रुपयांच्या आत ठेवावा. जाहिरात क्वचित दिसेल, पण तोटा होणार नाही.

पडद्यावर बाजारपेठ स्वतःहून एक सुचवलेली बोलीही दाखवते. ती इतर विक्रेत्यांनी लिलावात काय मोजलं त्यावर बेतलेली असते. या विक्रेत्याला पाकिटामागे किती उरतं, हे तिला ठाऊक नसतं. 6 रुपयांची वेस असताना सूचना 11 रुपयांची आली, तर तो शब्द सध्या आपला नव्हे, एवढंच समजावं.

अ‍ॅमेझॉनवर नवख्या विक्रेत्यांचे पैसे आणखी एका खिडकीतून गळतात. बोलीच्या प्रकारांत "Dynamic bids - up and down" असा एक पर्याय आहे. ऑर्डरची शक्यता जास्त वाटली तर बाजारपेठ बोली आपणहून वाढवते. पहिल्या पानाच्या वरच्या जागांसाठी ती दुप्पट होऊ शकते. त्याशिवाय त्या वरच्या जागांसाठी टक्केवारीने वाढ देण्याची वेगळी सोय आहे. दोन्ही एकदम चालू केल्या तर त्या एकमेकींवर चढतात. 5 रुपयांच्या बोलीला 50 टक्के वाढ दिली की साडेसात होतात, आणि त्याचे दुप्पट म्हणजे 15 रुपये. पाचाची बोली लावून पंधराची वजावट पाहणारा विक्रेता गोंधळतो, पण ती त्यानेच दिलेली परवानगी असते. हाताशी पुरेसे आकडे येईपर्यंत "Dynamic bids - down only" हा पर्याय बरा. त्यात बोली फक्त उतरू शकते.

कराचाही एक मुद्दा आहे. जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्याला तो पुढे वळता करता येतो. ज्याला ते शक्य नाही, त्याने 5 रुपयांचा क्लिक 5 रुपये 90 पैशांचाच धरावा.

फुकटची जागा

जाहिरातीच्या ओळी संपल्या की बाकीची पाकिटं ज्या क्रमाने लागतात, त्याला विक्रेते ऑर्गॅनिक रँक म्हणतात. इथे क्लिकचे पैसे पडत नाहीत. त्यामुळे जाहिरातीने ही जागा वर सरकते का, हाच प्रत्येकाच्या मनातला प्रश्न.

जाहिरातीवर पैसे खर्चले एवढ्याने क्रम सुधारत नाही. क्रम कसा लागतो याचं सूत्र कोणतीही बाजारपेठ जाहीर करत नाही. भारताच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार क्रमवारीचे मुख्य निकष आणि त्यांचं तुलनेने महत्त्व सोप्या भाषेत सांगणं बाजारपेठांवर बंधनकारक आहे, पण नेमकं गणित त्यातूनही मिळत नाही. एवढं मात्र स्पष्ट आहे की एखाद्या शब्दाच्या शोधातून एखादं पाकीट किती विकलं जातं, याला क्रमवारीत मोठं वजन आहे. जाहिरातीतून आलेली ऑर्डर हीही विक्रीच. म्हणजे जाहिरात आडवाटेने काम करते: आधी दिसणं, मग विक्री आणि अभिप्राय, आणि त्यांच्या जोरावर वरची जागा. मधली कडी तुटली तर पुढचं काही घडत नाही. "garcinia cambogia" वर कितीही क्लिक विकत घेतले तरी तिथे आमसुलांचा क्रम सुधारणार नाही, कारण तिथे विक्रीच नाही.

हे घडतंय की नाही, ते ACOS मध्ये दिसत नाही. तो आकडा फक्त जाहिरातीच्या वाट्याला लिहिलेल्या विक्रीबद्दल बोलतो. अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्यांच्या या जाहिरातींत क्लिकनंतर सात दिवसांत झालेली खरेदी जाहिरातीच्या खात्यात पडते. जे गिऱ्हाईक एरवीही याच पाकिटाकडे येणार होतं, त्यानेही वाटेत जाहिरातीवर बोट ठेवलं तर श्रेय जाहिरातीला. म्हणून एकूण विक्री पाहावी लागते.

दोन विक्रेते घेऊ. दोघेही महिन्याला 1,800 रुपये जाहिरातीवर घालतात आणि दोघांनाही पहिल्या महिन्यात त्यातून 45 ऑर्डर मिळतात. अहवाल दोघांनाही सांगतो: ऑर्डरमागे 40 रुपये, ACOS साडेतेरा टक्क्यांच्या आत. पहिला नवा आहे. जाहिरातीआधी त्याचं पाकीट कुणाला दिसतच नव्हतं. पहिल्या महिन्यात त्याच्या एकूण 60 ऑर्डर होतात, तिसऱ्या महिन्यात 110. जाहिरातीतून येणाऱ्या मात्र 48 वरच राहतात. म्हणजे बिनजाहिरातीच्या ऑर्डर 15 वरून 62 झाल्या. एकूण विक्रीशी जाहिरातखर्चाचं प्रमाण 10 टक्क्यांवरून साडेपाचावर आलं. इथे विकत घेतलेल्या विक्रीने फुकटची जागा वर ओढली आहे.

दुसरा जुना आहे. जाहिरातीआधीच त्याच्या महिन्याला 55 ऑर्डर होत्या, कारण "amsul" शोधलं की त्याचं पाकीट पहिल्याच ओळीत यायचं. जाहिरातीनंतर एकूण ऑर्डर 60. अहवालात 45 जाहिरातीच्या दिसतात, पण भर पडली ती पाचांची. 1,800 रुपयांत पाच पाकिटं, म्हणजे एका जादा पाकिटामागे 360 रुपये. पाकीटच 299 चं आहे.

ही केवळ कागदावरची शक्यता नाही. 2012 मध्ये ईबेने बिंग आणि याहूवर स्वतःच्याच नावाच्या शब्दांवर दिलेल्या जाहिराती प्रयोग म्हणून थांबवल्या. टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा यावरचा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त आला. त्या जाहिरातींवरून येणारे जवळजवळ सगळे क्लिक, 99.5 टक्के, खालच्या साध्या दुव्यांवरून फुकट येऊ लागले. इतर शब्दांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की ईबेवर नेहमी खरेदी करणाऱ्यांवर जाहिरातीचा परिणाम जवळपास नव्हता, मात्र नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर होता. शोधयंत्र आणि बाजारपेठ सारखी नसतात. बाजारपेठेत जाहिरात थांबवली की तीच जागा स्पर्धक घेतो, हा धोका इथे मोठा आहे. तरी आपल्याला न ओळखणाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी दिलेले पैसे आणि ओळखणाऱ्यासाठी दिलेले पैसे वेगवेगळे मोजायला हवेत, हे त्यातून दिसतं.

छोट्या विक्रेत्याला हा प्रयोग घरच्या घरी करता येतो. एक शब्द निवडायचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खात्यात लॉग-इन न करता आणि दरवेळी तोच पिनकोड टाकून तो शोधायचा. "Sponsored" लिहिलेली पाकिटं सोडून आपलं पाकीट कितवं येतं ते लिहून ठेवायचं. पिनकोड तोच हवा, कारण माल किती दिवसांत पोचेल त्यानुसार निकाल बदलतात. सोबत पाकिटाच्या आठवड्याच्या एकूण ऑर्डर. पाकीट पहिल्या ओळीत स्थिरावलं की त्या एकाच शब्दाची बोली निम्म्यावर आणायची. दोन-तीन आठवड्यांत एकूण ऑर्डर टिकल्या तर आधीचे पैसे आपल्याच गिऱ्हाइकावर जात होते. ऑर्डर आणि क्रम दोन्ही घसरले तर बोली परत वाढवायची. एका वेळी एकच शब्द हलवावा आणि त्या काळात किंमत किंवा फोटो बदलू नये, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

कोकमाच्या बाबतीत हंगामाचं भानही ठेवावं लागतं. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पावसाआधी सालं वाळवून वर्षाची बेगमी होते. उन्हाळ्यात मागणी आपोआप चढते. मार्चमध्ये जाहिरात सुरू करून मेमधल्या विक्रीचं श्रेय तिला देणं चूक. शक्य असेल तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. आणि डिसेंबरात डब्यांत 40 पाकिटं उरली असतील तर रोजचं बजेट तेव्हाच उतरवावं. माल संपला की जाहिरात बंद पडते, विक्री थांबते आणि पाठोपाठ क्रमही घसरू लागतो. मग नवा माल आल्यावर तीच जागा पुन्हा क्लिकच्या भावाने कमवावी लागते.